मनीलाइन, स्प्रेड, टोटल: एकाच सामन्यावरच्या तीन वेगळ्या पैजा कशा वाचायच्या

"संघ तर जिंकला, मग माझी पैज हरली कशी?" बास्केटबॉलवर नव्याने पैजा लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी हा प्रश्न एकदा तरी येतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. त्याने पैज लावली होती गुणांच्या फरकावर, आणि त्याच्या मनात होतं कोण जिंकणार ते. मनीलाइन, स्प्रेड आणि टोटल या एकाच पैजेच्या तीन चवी नाहीत, एकाच सामन्याबद्दल विचारलेले तीन निरनिराळे प्रश्न आहेत: कोण जिंकणार, किती फरकाने, आणि दोघांचे मिळून गुण किती. आपण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय हे न ठरवता बटण दाबलं की घोळ होतो.

खाली एकच काल्पनिक एनबीए सामना घेतलाय आणि तिन्ही पैजा त्याच्यावरच सोडवून दाखवल्यात. कागद-पेन जवळ ठेवा, कारण आकडेमोड स्वतः केल्याशिवाय यातलं काही डोक्यात बसत नाही.

## ० : पैसे लावण्याआधीची तयारी

तुम्ही राहता तिथे अशी पैज लावणं कायदेशीर आहे का आणि वयाची अट काय आहे, हे आधी बघा. कायदेशीर नसेल तर हा लेख फक्त आकडे समजण्यासाठी वाचा, तेवढ्यापुरता तो पुरेसा आहे.

मग एक रक्कम ठरवा, जी पूर्ण बुडाली तरी घरातल्या कशालाही धक्का लागणार नाही. प्रत्येक पैज तिच्या एक-दोन टक्क्यांची ठेवा. हरलेली रक्कम भरून काढायला पुढची पैज वाढवायची नाही. तसा मोह होऊ लागला, तर त्या दिवशी थांबायचं.

पहिले दहा सामने नुसते वहीत खेळा. सामना, लाईन म्हणजे स्प्रेड किंवा टोटलचा आकडा, भाव, आपली निवड आणि निकाल असे पाच रकाने पुरतात. दहापैकी एका जरी निकालाचा हिशेब चुकला, तरी तुम्ही अजून पैसे लावायला तयार नाही.

## १ : आधी ओळ नीट वाचा

अमेरिकी पद्धतीच्या बहुतेक ॲप्सवर सामना साधारण असा दिसतो:

```
        Spread         Total            Moneyline
Away    +6.5 (-110)    O 224.5 (-110)   +215
Home    -6.5 (-110)    U 224.5 (-110)   -260
```

वरच्या ओळीत पाहुणा संघ, खालच्या ओळीत यजमान. वजा चिन्ह असलेला संघ फेव्हरिट, म्हणजे जिंकेल असं मानलेला; अधिक चिन्हवाला अंडरडॉग, म्हणजे हरेल असं मानलेला. म्हणजे इथे यजमान फेव्हरिट आहेत.

या छोट्याशा तक्त्यात दोन सापळे आहेत.

पहिला सापळा टोटलच्या रकान्यात आहे. O म्हणजे ओव्हर, आकड्याच्या वर; U म्हणजे अंडर, आकड्याच्या खाली. ओव्हर पाहुण्यांच्या ओळीत छापलाय आणि अंडर यजमानांच्या. त्याचा त्या संघांशी काहीही संबंध नाही, जागा होती म्हणून तिथे बसवलाय. "पाहुणे २२४.५ च्या वर" असा अर्थ काढणारे लोक मी पाहिलेत. एका संघाने २२५ गुण करायचे तर तो सामना नव्हे, चमत्कार होईल. ओव्हर-अंडर हा दोन्ही संघांच्या गुणांच्या बेरजेवर असतो.

दुसरा सापळा म्हणजे एकाच चौकटीतली दोन वजा चिन्हं. -६.५ हे गुण आहेत, तर कंसातलं -११० हा भाव, म्हणजे पैसे. गुण ठरवतात पैज जिंकली की हरली, आणि भाव ठरवतो जिंकल्यावर हातात किती येणार.

तपासणी: स्प्रेडमध्ये ज्याच्यापुढे वजा आहे, मनीलाइनमध्येही बहुधा त्याच्यापुढेच वजा असतो. दोन्ही संघ जवळपास तुल्यबळ असतील तेव्हा मनीलाइनवर दोघांच्याही पुढे वजा दिसू शकतो, ती छपाईची चूक नव्हे. पण फरक मोठा असताना चिन्हं जुळत नसतील, तर तुम्ही चुकीची ओळ वाचताय.

## २ : भावाचे पैसे करा, पैशांचे टक्के करा

अमेरिकी भाव शंभराच्या भोवती फिरतो. वजा आकडा सांगतो की शंभर डॉलर नफा मिळवायला किती लावावे लागतील. अधिक आकडा सांगतो की शंभर लावले तर नफा किती मिळेल. -२६० म्हणजे २६० लावा आणि जिंकलात तर १०० कमवा. +२१५ म्हणजे १०० लावा आणि जिंकलात तर २१५ कमवा. लावलेली रक्कम जिंकल्यावर वेगळी परत मिळतेच.

आता त्याच भावाची शक्यता करा. वजा भावासाठी आकडा भागिले (आकडा अधिक १००), म्हणजे २६० ÷ ३६० = ७२.२ टक्के. अधिक भावासाठी १०० भागिले (आकडा अधिक १००), म्हणजे १०० ÷ ३१५ = ३१.७ टक्के.

दोन्हींची बेरीज करून बघा. ती जवळपास १०४ येते. दोघांपैकी एकच जिंकणार, त्यामुळे खऱ्या शक्यतांची बेरीज १०० च हवी. वरचे चार टक्के हा पैजा घेणाऱ्या बुकमेकरचा वाटा, त्याला व्हिग म्हणतात. तो वेगळा कापला जात नाही, भावातच मुरलेला असतो, म्हणून तो दिसत नाही.

स्प्रेड आणि टोटलवर दोन्ही बाजूंना -११० असताना हाच वाटा आणखी सोप्या रीतीने दिसतो. प्रत्येक वेळी ११० लावून दहा पैजा केल्या, पाच जिंकल्या, पाच हरल्या. कमावले ५००, गमावले ५५०. म्हणजे निम्म्या वेळा बरोबर असूनही ५० डॉलर खिशातून गेले. नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी सुमारे ५२.४ पैजा जिंकाव्या लागतात. हा आकडा लहान वाटतो, पण वर्षभर तो गाठणारे फार थोडे असतात.

## ३ : मनीलाइन, म्हणजे फक्त कोण जिंकणार

नियमांच्या दृष्टीने ही सर्वांत सोपी पैज. तुमचा संघ एका गुणाने जिंको की तीसने, पैज जिंकली. एनबीएमध्ये बरोबरी नसतेच. ४८ मिनिटांनंतर गुण सारखे असतील तर पाच मिनिटांचा ओव्हरटाइम होतो, आणि निकाल लागेपर्यंत तो पुन्हा पुन्हा होतो.

चूक नियमांत होत नाही, भावात होते. "-२६० म्हणजे खात्रीचा संघ, थोडेच मिळतील पण मिळतील" असं मनाशी म्हणत लोक फेव्हरिट उचलत जातात. अशा दहा पैजांचा हिशेब मांडू. सात जिंकलात, ७०० आले. तीन हरलात, ७८० गेले. दहापैकी सात वेळा बरोबर ठरूनही ८० डॉलरचा खड्डा. -२६० वर बरोबरीला पोहोचायला ७२ टक्क्यांच्या वर जिंकावं लागतं, आणि दुसऱ्या पायरीवर आपण काढला तो हाच आकडा.

म्हणून मनीलाइनचा प्रश्न नुसता "कोण जिंकेल?" इतकाच नसतो. "हा संघ शंभरातून किती वेळा जिंकेल, आणि माझा तो आकडा भावातल्या आकड्याहून जास्त आहे का?" असा तो असतो. तुमचा अंदाज ७० असेल, तर यजमान जिंकतील असं वाटत असूनही ही पैज सोडायची. नवख्याला हे पटायला सर्वांत जड जातं.

सावधान: युरोपातल्या काही लीगच्या सामन्यांवर मनीलाइनऐवजी तीन पर्यायांचा बाजार दिसतो: यजमान, बरोबरी, पाहुणे. तो फक्त ठरलेल्या ४० मिनिटांपुरता असतो, ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. माझ्या एका मित्राने त्यात यजमान घेतले. ४० मिनिटांना बरोबरी झाली आणि यजमान ओव्हरटाइममध्ये जिंकले. तो आनंदाने ओरडला आणि ॲप उघडून बघतो तर पैज हरलेली. ॲपचं काही चुकलं नव्हतं, त्याने वरचं शीर्षक वाचलं नव्हतं इतकंच.

## ४ : स्प्रेड, म्हणजे किती फरकाने

स्प्रेड सोडवायची एकच रीत लक्षात ठेवा: तुम्ही घेतलेल्या संघाच्या अंतिम गुणांना त्याचा स्प्रेड चिन्हासकट जोडा, मग समोरच्या संघाच्या मूळ गुणांशी तुलना करा. दुसऱ्या संघाला हात लावायचा नाही. दोन्हीकडे जोड-वजा केली की फरक दुप्पट होतो आणि उत्तर बिघडतं.

समजा सामना यजमान ११४, पाहुणे १०८ असा संपला. तुम्ही यजमान -६.५ घेतलेत: ११४ वजा ६.५ म्हणजे १०७.५. ते १०८ पेक्षा कमी, पैज हरली. कोणी पाहुणे +६.५ घेतलेत: १०८ अधिक ६.५ म्हणजे ११४.५. ते ११४ पेक्षा जास्त, पैज जिंकली. सामना यजमानांनी जिंकला, पण स्प्रेड पाहुण्यांनी "कव्हर" केला.

हा अर्धा गुण कुठून येतो ते बघण्यासारखं आहे. सामन्याला २४ सेकंद उरलीत, यजमान ११० विरुद्ध १०५ ने पुढे आहेत. घड्याळ थांबवायला पाहुणे मुद्दाम फाऊल करतात. यजमान दोन्ही फ्री थ्रो टाकतात, ११२-१०५. पाहुण्यांचा शॉट चुकतो, रिबाउंड यजमानांकडे, पुन्हा फाऊल, पुन्हा दोन फ्री थ्रो, ११४-१०५. फरक नऊ. यजमान -६.५ वाला उठून पाणी प्यायला जातो. शेवटच्या दोन सेकंदांत पाहुण्यांचा एक खेळाडू अर्ध्या मैदानाजवळून पुढे येऊन तीन गुणांचा शॉट मारतो. त्याला कोणी अडवत नाही, कारण सामना केव्हाच संपल्यात जमा आहे आणि शेवटच्या क्षणी फाऊल करून धोका कोण घेईल? शॉट आत जातो, ११४-१०८. मैदानावर कोणाला फरक पडत नाही, पण स्प्रेडचा निकाल त्या एका शॉटने उलटतो.

बास्केटबॉलच्या स्प्रेडमध्ये हे अपवादाने नाही, वारंवार घडतं. मागे असलेला संघ मुद्दाम फाऊल करतो, त्यामुळे शेवटच्या मिनिटात फरक आधी फुगतो आणि मग आकसतो. जिंकणारा संघ मोठ्या आघाडीनंतर मुख्य खेळाडू बाहेर बसवतो, तेव्हाही तेच होतं. संघाचा प्रशिक्षक जिंकण्यासाठी खेळवतो, तुमच्या साडेसहासाठी नाही.

स्प्रेड पूर्णांकात असेल तर: लाईन -६ असती आणि निकाल ११४-१०८ लागला असता, तर फरक बरोबर सहा. याला पुश म्हणतात. जिंकणं नाही, हरणं नाही, लावलेली रक्कम परत. लाईन साडेसहा असली की पुश शक्यच नाही, कारण अर्धा गुण कोणी करत नाही. काही ॲप -६.५ ऐवजी -६ घ्यायची सोय देतात, पण त्याचा भाव -११० राहत नाही, महाग होतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये बरेच सामने तीन किंवा सातच्या फरकाने संपतात, म्हणून तिथे अर्ध्या गुणाला मोठं मोल असतं. बास्केटबॉलमध्ये फरक जास्त विखुरलेले असतात. त्यामुळे नवख्याने अर्धा गुण विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे.

मनीलाइन की स्प्रेड? पाहुणे जिंकतीलच असं वाटत असेल तर +२१५, कारण १०० वर २१५ मिळतात. त्याच निकालावर +६.५ वाल्याला १०० मागे जेमतेम ९१ मिळतील. पण पाहुणे हरतील, मात्र चिकटून राहतील असं वाटत असेल तर जागा +६.५ ची आहे. यजमानांची मनीलाइन आणि यजमान -६.५ दोन्ही एकदम घेऊन "दोन पैजा केल्या" असं समजू नका. दोन्ही एकाच मताला बांधलेल्या आहेत, मत चुकलं की दोन्ही एकत्र बुडतात.

## ५ : टोटल, म्हणजे दोघांचे मिळून किती

११४ अधिक १०८ म्हणजे २२२. लाईन २२४.५. अंडर जिंकला. इथे कोण जिंकलं याचा काडीचा संबंध नाही.

टोटल कशाने ठरते हे मात्र नवखे चुकतात. "दोन्ही संघ भारी आहेत, म्हणजे ओव्हर" हा तर्क पोकळ आहे. बेरीज दोन गोष्टींनी होते: एका संघाला चेंडू किती वेळा मिळतो, म्हणजे पझेशन, आणि दर पझेशनला तो किती गुण काढतो. अलीकडच्या एनबीएत एका संघाला शंभरच्या आसपास पझेशन मिळतात. समजा ९८ पझेशन आणि दर पझेशनला १.१५ गुण. एका संघाचे ११२.७, दोघांचे मिळून सुमारे २२५. आमच्या लाईनच्या अगदी शेजारी.

आता नेमबाजी तशीच ठेवा, फक्त खेळ संथ करा: ९८ ऐवजी ९४ पझेशन. बेरीज सुमारे २१६ वर येते. चार पझेशनने नऊ गुण खाल्ले. म्हणून टोटलसाठी आधी बघायचं ते दोन्ही संघ किती वेगाने खेळतात. गेल्या दोन सामन्यांत किती गुण झाले हे नंतर. ४० मिनिटांच्या सामन्यांना, म्हणजे कॉलेज किंवा आंतरराष्ट्रीय सामन्यांना, एनबीएचा आकडा मनात धरून बसू नका. आठ मिनिटं कमी म्हणजे बेरीजही तेवढी खाली.

तपासणी: स्प्रेड आणि टोटल मिळून बाजाराचा अंदाजे स्कोर काढता येतो. २२४.५ अधिक ६.५ म्हणजे २३१, निम्मे ११५.५: हे यजमान. उरलेले १०९ पाहुण्यांचे. पैज लावण्याआधी हा स्कोर लिहा आणि स्वतःला विचारा, मला यातलं नेमकं काय खटकतं? यजमानांचे ११५ जास्त वाटतात, तर प्रश्न टोटलचा आहे की स्प्रेडचा? काहीच खटकत नसेल, तर या सामन्यावर तुमच्याकडे मतच नाही. मग पैज कशाला?

## ६ : बटण दाबण्याआधी स्लिप वाचा

बातमी आली की लाईन हलते. लीगच्या इंज्युरी रिपोर्टमध्ये यजमानांचा मुख्य खेळाडू बाहेर दिसला, तर -६.५ चं थोड्या वेळात -३ होऊ शकतं. तुमचा हिशेब होतो तो तुमच्या स्लिपवरच्या, म्हणजे ॲपमधल्या पैजेच्या पावतीवरच्या आकड्यावर, नंतर बदललेल्या नाही. उलट, तुम्ही दुपारी बघितलेली लाईन संध्याकाळी मिळेलच असंही नाही. पुष्कळ ॲपमध्ये "लाईन बदलली तरी स्वीकारा" अशी एक खूण आधीच लावलेली असते. ती काढून टाका.

मग स्लिपवर या क्रमाने नजर फिरवा: पैजेचा प्रकार, संघ किंवा ओव्हर-अंडर, चिन्हासकट गुण, भाव, रक्कम. पूर्ण सामना आहे की पहिला हाफ किंवा एखादा क्वार्टर, हेही तिथेच लिहिलेलं असतं. "पहिला हाफ -३.५" ला पूर्ण सामन्याची पैज समजून बसणं ही फार जुनी चूक आहे. वाचून झालं की स्लिपचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

## ७ : निकाल आधी हाताने लावा, मग ॲप बघा

शेवटी तोच सामना जरा वेगळा संपवून बघू. ४८ मिनिटांना १०८-१०८ अशी बरोबरी. त्या क्षणी बेरीज २१६, अंडरवाला निवांत आहे. पाहुणे +६.५ वालाही खूश आहे, कारण फरक शून्य. ओव्हरटाइमच्या पाच मिनिटांत यजमान १२ आणि पाहुणे ५ गुण करतात. अंतिम स्कोर १२०-११३.

आता सोडवा. मनीलाइन: यजमान. स्प्रेड: १२० वजा ६.५ म्हणजे ११३.५, ते ११३ पेक्षा जास्त, यजमानांनी अर्ध्या गुणाने कव्हर केला. टोटल: २३३, ओव्हर. पूर्ण सामन्याच्या तिन्ही पैजांत ओव्हरटाइमचे गुण सहसा धरले जातात, त्यामुळे आधीच्या निकालात जिंकलेले अंडर आणि +६.५ दोन्ही इथे हरले. चौथ्या क्वार्टरची वेगळी पैज असेल तर तिच्यात सहसा ओव्हरटाइम धरत नाहीत, दुसऱ्या हाफच्या पैजेत मात्र सहसा धरतात. "सहसा" म्हणतोय कारण हे प्रत्येक बुकमेकरच्या नियमावलीत लिहिलेलं असतं, आणि बास्केटबॉलपुरतं ते पानभर वाचायला पाच मिनिटं लागतात. सामना अर्धवट थांबला तर किमान किती मिनिटं खेळ झालेला असावा लागतो, हेही त्याच पानावर सापडतं.

तुमचा हाताने काढलेला निकाल आणि ॲपचा निकाल जुळला नाही, तर तक्रार करण्याआधी स्क्रीनशॉट उघडा. आधी पैजेचा प्रकार बघा, मग चिन्ह, मग पूर्ण सामना की क्वार्टर. या तिन्हींत चूक सापडली नाही, तरच ग्राहकसेवेला लिहा, आणि स्क्रीनशॉट सोबत जोडा.